बैठकीत कळलेली किंमत

कंपनी कायद्याच्या पेपरात एक उदाहरण वेगवेगळे कपडे घालून पुन्हापुन्हा येतं. कधी त्यात छापखाना असतो, कधी औषधांचा कारखाना, कधी हॉटेल. आतला माणूस मात्र तोच: संचालक मंडळाच्या बैठकीत एखादी गोपनीय गोष्ट ऐकणारा आणि तिच्या बळावर स्पर्धकाचा धंदा स्वतःच विकत घेणारा संचालक. विद्यार्थ्यांना हा प्रश्न सोपा वाटतो, कारण माणूस चुकलाय हे वाचताक्षणी कळतं. तो नेमका कशात चुकला आणि त्याच्याकडून काय वसूल करायचं, हे लिहायला घेतलं की गाडी अडते.

उदाहरण असं धरू. अ ही पंपांचे सुटे भाग बनवणारी खासगी कंपनी आहे, पाच संचालकांची. त्याच औद्योगिक वसाहतीत ब ही तिची स्पर्धक कंपनी. ब चे मालक थकले आहेत, मुलं परदेशात आहेत, आणि धंदा विकायचा विचार त्यांनी फक्त अ च्या अध्यक्षांच्या कानावर घातला आहे. अ कंपनी एका मूल्यांककाकडून अहवाल करून घेते. अहवाल बैठकीत मांडला जातो: मालक सहा कोटींना तयार होतील, पण ब च्या हातात एका मोठ्या गिऱ्हाइकाचा पाच वर्षांचा करार आहे आणि तो धरला तर धंद्याची खरी किंमत आठ कोटींच्या पुढे जाते. मंडळ म्हणतं, बँकेची मर्यादा भरत आली आहे, सहा महिन्यांनी पाहू. बैठकीला क नावाचा संचालक हजर असतो. दोन महिन्यांनी तो प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा देतो. आणखी तीन आठवड्यांनी त्याची पत्नी भागीदार असलेली एक एलएलपी ब चे सगळे शेअर सहा कोटी दहा लाखांना विकत घेते. व्यवहाराचा खर्च पंधरा लाख. वर्षभराने तेच शेअर नऊ कोटींना विकले जातात. अ कंपनीला सल्ला द्या.

क चं म्हणणंही प्रश्नातच दिलेलं असतं. कंपनीकडे पैसे नव्हते, तेव्हा तिचं काय गेलं? खरेदी झाली तेव्हा मी संचालक नव्हतो. आणि मी तर काही विकत घेतलंच नाही.

बरेच विद्यार्थी ‘गोपनीय माहिती’ हे शब्द दिसताच इनसायडर ट्रेडिंगकडे धावतात आणि सेबीच्या २०१५ च्या नियमांवर दोन पानं लिहितात. ते नियम शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा नोंदणीच्या वाटेवर असलेल्या कंपन्यांच्या रोख्यांसाठी आहेत. ब ही बाजाराच्या जवळपासही नसलेली खासगी कंपनी आहे. तिच्या मालकाने आपले शेअर आपखुशीने, मागितलेल्या किमतीपेक्षा दहा लाख जास्त घेऊन विकले. त्याची फसवणूक झालेली नाही, बाजाराचीही नाही. तक्रार आहे ती फक्त अ कंपनीची, आणि ती आपल्याच संचालकाविरुद्ध.

स्पर्धा करणं हाच गुन्हा, असं धरून चालणारी उत्तरंही पुष्कळ असतात. भारतीय कायदा एका माणसाला एकाच वेळी वीस कंपन्यांचा संचालक राहू देतो, त्यांतल्या सार्वजनिक कंपन्या दहापर्यंत. या वीस कंपन्या एकाच धंद्यातल्या नसाव्यात, अशी सरसकट मनाई त्या कलमात नाही. नोकरीच्या करारात किंवा कंपनीच्या नियमावलीत तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून क ने पंपांच्या धंद्यात पाय ठेवला, एवढ्यावर उत्तर उभं राहत नाही. ते उभं राहतं बैठकीत त्याच्यासमोर आलेल्या कागदावर. विक्रीची इच्छा, सहा कोटींचा आकडा आणि पाच वर्षांचा करार या तिन्ही गोष्टी त्याला संचालक म्हणून कळल्या, त्याही कंपनीच्या पैशाने तयार झालेल्या अहवालातून.

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ इथे लागू होतं. संचालकाने कंपनीच्या हितासाठी सद्भावनेने वागावं, हे त्यात आहेच. आपल्या उदाहरणाला नेमकी लागतात ती चौथी आणि पाचवी उपकलमं. चौथं सांगतं की, ज्या परिस्थितीत संचालकाचा स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध कंपनीच्या हिताशी भिडतो, किंवा भिडण्याची शक्यता आहे, त्या परिस्थितीत त्याने पडू नये. पाचवं सांगतं की, स्वतःसाठी किंवा आपले नातेवाईक, भागीदार, सहकारी यांच्यासाठी त्याने अवाजवी लाभ मिळवू नये, तसा प्रयत्नही करू नये. मिळवल्याचं सिद्ध झालं तर त्या लाभाइतकी रक्कम कंपनीला भरून द्यावी. पत्नीच्या एलएलपीची ढाल इथेच गळून पडते. कायदा लिहिणाऱ्यांना ती पळवाट आधीच दिसली होती.

पण पैसे नव्हते, या बचावाला या कलमात सरळ उत्तर नाही. त्यासाठी इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावातल्या सिनेमागृहाकडे जावं लागतं.

रीगल (हेस्टिंग्ज) या कंपनीचं तिथे एक सिनेमागृह होतं. १९३५ मध्ये आणखी दोन सिनेमागृहं भाडेपट्ट्याने घेऊन तिन्ही एकत्र विकावीत, असा तिच्या संचालकांचा बेत होता. त्यासाठी त्यांनी एक उपकंपनी काढली. जागांच्या मालकाने अट घातली: उपकंपनीचं पाच हजार पौंडांचं भांडवल पूर्ण भरलेलं असावं, नाहीतर संचालकांनी भाड्याची वैयक्तिक हमी द्यावी. हमी द्यायला संचालक तयार नव्हते, आणि दोन हजार पौंडांपलीकडे रीगलची ऐपत नव्हती. मग उरलेले तीन हजार शेअर, एका पौंडाला एक या दराने, असे वाटले गेले: चार संचालकांनी प्रत्येकी पाचशे घेतले, अध्यक्ष गलिव्हर यांनी पाचशे शेअरना बाहेरचे खरेदीदार मिळवून दिले, आणि मंडळाने सुचवल्यावरून कंपनीच्या वकिलाने पाचशे घेतले. साधारण तीन आठवड्यांत रीगलचे आणि उपकंपनीचे शेअर विकले गेले. उपकंपनीच्या प्रत्येक शेअरमागे नफा झाला २ पौंड १६ शिलिंग १ पेनी.

नवे मालक आले आणि त्यांनी रीगलच्याच नावाने जुन्या संचालकांवर दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत संचालक जिंकले. त्यांनी काही लपवलं नव्हतं, कंपनीला खरोखरच जास्त पैसे घालता येत नव्हते, आणि त्यांनी पैसे घातले नसते तर सौदाच झाला नसता. १९४२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. चारही संचालकांना आपापल्या पाचशे शेअरांवरचा नफा, म्हणजे १४०२ पौंड आणि वर काही पेन्स, कंपनीला द्यावा लागला. न्यायाधीशांचं म्हणणं असं होतं: जबाबदारी अप्रामाणिकपणातून येत नाही, कंपनीच्या नुकसानीतूनही येत नाही. संचालकपदामुळे आणि ते पद सांभाळत असताना हा नफा हाती आला, एवढंच पुरे. गलिव्हर सुटले, कारण शेअर त्यांनी स्वतःसाठी घेतले नव्हते. वकील सुटला, कारण तो संचालक नव्हता आणि त्याने मंडळाच्या संमतीने शेअर घेतले होते.

हा निकाल मला आजही थोडा कडक वाटतो. नव्या मालकांनी ठरलेली किंमत मोजली होती, आणि निकालामुळे तिच्यातला काही भाग मागच्या दाराने त्यांच्याच कंपनीत परत आला. पण त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. कंपनीला परवडत नव्हतं, हे न्यायालयाला कोण सांगणार? ज्यांच्या हाती तिजोरी, तेच. कंपनीची ऐपत नव्हती म्हणून मी घेतलं, ही सबब एकदा मान्य केली की ती ऐपत वाढवण्यासाठी धडपड करायची संचालकाला गरजच उरत नाही. आपल्या उदाहरणात हे फार ठळक दिसतं. मंडळाने सहा महिने मागितले होते. त्या काळात बँकेशी बोलून मर्यादा वाढवायला मदत करणं हे क चं काम होतं, आणि त्याच काळात त्याने स्वतःच्या खरेदीची जुळवाजुळव केली.

राजीनाम्याचं उत्तर १९७२ च्या एका इंग्लिश निकालात मिळतं. कूली नावाचे वास्तुरचनाकार एका बांधकाम-सल्लागार कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक होते. त्यांच्या कंपनीला ईस्टर्न गॅस बोर्डाचं काम हवं होतं, पण बोर्डाला अशा कंपनीशी करारच करायचा नव्हता. त्यांना कूली एकटे हवे होते. कूलींनी तब्येतीचा बहाणा करून कंपनीतून मोकळीक मिळवली आणि काम घेतलं. हे काम कंपनीला मिळण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के होती, असं न्यायाधीशांनीच म्हटलं. तरीही सगळा लाभ कंपनीला द्यायला लावला. संधी पदावर असताना कळली आणि राजीनामा तीच हस्तगत करण्यासाठी दिला, तर राजीनाम्याची तारीख कामाला येत नाही. परीक्षेत मात्र दोन्ही बाजू लिहायला हव्यात. धंदा सोडून गेलेल्या संचालकाला आपलं सर्वसाधारण कसब आणि अनुभव वापरायला बंदी नाही. क ने वर्षभराने दुसऱ्याच गावातला, कधी चर्चेत न आलेला कारखाना घेतला असता, तर अ ला फारसं काही म्हणता आलं नसतं.

आता वसुली. इथे विद्यार्थी सर्वाधिक गुण घालवतात, कारण ते अ कंपनीचं नुकसान शोधत बसतात. नुकसान काढायला गेलं तर कदाचित शून्य निघेल: सहा महिन्यांनीही बँक नाहीच म्हणाली असती तर? म्हणून मोजायचा तो क च्या बाजूचा लाभ. नऊ कोटींतून खरेदीचे सहा कोटी दहा लाख आणि खर्चाचे पंधरा लाख वजा केले की दोन कोटी पंचाहत्तर लाख उरतात. कलम १६६ प्रमाणे ही रक्कम अ कंपनीला देय होते. वर एक लाख ते पाच लाखांचा दंड आहेच. पावणेतीन कोटींसमोर तो किरकोळ आहे, आणि केवळ दंडावर थांबणारं उत्तर अपुरं ठरतं.

वर्षभर धंदा चालवला, नवी यंत्रं बसवली, गिऱ्हाईक टिकवलं, त्या मेहनतीचं काय, असं क विचारेल. बोर्डमन विरुद्ध फिप्स या साठच्या दशकातल्या खटल्यात एका विश्वस्त निधीच्या वकिलाने, निधीच्या कामात मिळालेल्या माहितीच्या आधारे एका कापड कंपनीचे शेअर घेतले होते, कंपनी सुधारली होती आणि निधीलाही मोठा फायदा करून दिला होता. नफा त्याला द्यावाच लागला, पण तो प्रामाणिक होता म्हणून मेहनतीचा मोबदला सढळ हाताने धरण्यात आला. प्रकृतीचं खोटं कारण दिलेल्या क ला तशी उदारता मिळणं अवघड आहे. यंत्रांवर त्याने खरोखर केलेला खर्च मात्र हिशेबात वजा मागता येईल.

ब चे शेअर अजून विकलेच नसते तर? तेव्हा उत्तराला एक जुना भारतीय कायदा उपयोगी पडतो आणि तो फारच थोड्या उत्तरपत्रिकांत दिसतो. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याच्या कलम ८८ मध्ये विश्वस्त, भागीदार, अभिकर्ता यांच्या बरोबरीने ‘कंपनीचा संचालक’ हे शब्द स्पष्ट आहेत. आपल्या पदाचा फायदा घेऊन त्याने जो आर्थिक लाभ मिळवला, तो त्याने ज्याच्या हिताचं रक्षण करायचं त्याच्यासाठी धरून ठेवला आहे, असं मानलं जातं. म्हणजे अ कंपनी शेअरच मागू शकते, आणि त्यासाठी तिला क ने मोजलेली किंमत द्यावी लागेल. धंद्याची किंमत वाढत असेल तर पैशापेक्षा हा मार्ग अ ला सोयीचा. शेअर आपल्या उदाहरणाप्रमाणे विकले गेले असतील आणि घेणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसेल, तर त्याच्यामागे जाता येत नाही. अ ला पैशावर समाधान मानावं लागतं.

हे सगळं मागायचं कुणी? हक्क कंपनीचा आहे, म्हणून दावा कंपनीने लावायचा, आणि तो लावायचा निर्णय मंडळाचा. उरलेल्या चौघांपैकी दोघे क चे व्याही-मेहुणे असतील तर प्रकरण तिथेच थिजतं. अशा वेळी कलम २४५ खाली भागधारकांना एकत्र येऊन कंपनी न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्यासाठी शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या पाच टक्के, यांतली कमी असेल ती संख्या लागते. छोट्या खासगी कंपनीत ही अट एखाद-दुसऱ्या माणसानेही पुरी होते.

न्यायाधिकरणासमोर निकाल बहुधा कागदांवर लागतो. बैठकीच्या सूचनेबरोबर अहवाल कुणाकुणाला पाठवला गेला, क ची हजेरी कुठे नोंदली आहे, ब च्या मालकाशी त्याची पहिली भेट कधी झाली, एलएलपीची नोंदणी राजीनाम्याच्या आधीची की नंतरची, या तारखा एका ओळीत लावल्या की गोष्ट आपोआप दिसू लागते. इतिवृत्त बैठकीपासून तीस दिवसांत लिहून नोंदवावं लागतं, आणि त्यातल्या एका वाक्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. मंडळाने प्रस्ताव सहा महिने पुढे ढकलला, असं त्यात असेल तर संधी कंपनीचीच राहिली. प्रस्ताव विचारांती नाकारला, असं असेल तर क ला एक कॅनडाचा निकाल हाताशी येतो.

पेसो सिल्व्हर माइन्स या खाणकंपनीला काही खाणपट्टे देऊ केले गेले होते. मंडळाने प्रामाणिकपणे विचार करून ते नाकारले. काही काळाने कंपनीचेच भूवैज्ञानिक गट करून ते पट्टे घ्यायला निघाले आणि क्रॉपर नावाच्या संचालकाला त्यांनी सोबत घेतलं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ठरवलं की, क्रॉपर काही देणं लागत नाहीत. ते संचालक म्हणून नव्हे, बाहेरच्या गटाने बोलावलं म्हणून आले होते, आणि कंपनीने ती संधी आधीच सोडून दिली होती.

क साठी त्याहून सुरक्षित वाट एकच होती: मला ब घ्यायची आहे, असं मंडळासमोर आणि भागधारकांसमोर सगळे आकडे ठेवून सांगणं आणि त्यांची संमती घेणं. सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतली असती तर रीगलचे संचालकही वाचले असते, असं लॉर्ड्सनी त्याच निकालात म्हटलं आहे. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यात अशा संमतीची पद्धत कलमातच लिहिली आहे; आपल्या कलम १६६ मध्ये ती नाही, त्यामुळे इथे भागधारकांची पूर्ण माहितीनिशी घेतलेली संमतीच भक्कम. काही विद्यार्थी इथे कलम १८४ चा उल्लेख करून मोकळे होतात. त्या कलमात संचालकाने आपला हितसंबंध कळवायचा असतो, पण कळवणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. शिवाय क ने तर तेवढंही केलं नव्हतं.

परीक्षकाला एखाद्या वर्षी प्रश्न अवघड करायचा असला की तो एकच ओळ बदलतो: ब विकायला आहे, हे क ला बैठकीत कळलंच नाही, रस्त्याने जाताना फाटकावर लावलेला फलक त्याने पाहिला. मग माहिती गोपनीय उरत नाही, कंपनीचा अहवाल नाही, आणि क सुटला असं वाटू लागतं. २००३ च्या भुल्लर खटल्यात जवळजवळ हेच झालं होतं. कुटुंबाच्या कंपनीची एक जागा होती, दोन शाखांचं बिनसलं होतं, आणि आणखी मालमत्ता घ्यायची नाही असं बोलणंही झालं होतं. अशात एका संचालकाला शेजारची व्हाइट हॉल मिल विक्रीला असल्याचं जाताजाता दिसलं आणि ती त्याने आपल्या दुसऱ्या कंपनीच्या नावे घेतली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ती मूळ कंपनीला खरेदीच्याच किमतीत द्यायला लावली: शेजारची जागा कंपनीच्या उपयोगाची होती, तेव्हा ती विक्रीला आहे हे कंपनीला सांगणं संचालकाचं कर्तव्य होतं. पेसो आणि भुल्लर यांची दिशा एक नाही, आणि भारतीय न्यायालयांवर या दोहोंपैकी कुठलाही बंधनकारक नाही. पण कलम १६६ च्या चौथ्या उपकलमाने हितसंबंध भिडण्याची नुसती शक्यताही धरली आहे. म्हणून फलक पाहिलेल्या क विरुद्धही अ चा दावा टिकेल असं मी लिहीन, आणि ब चा धंदा अ च्या किती जवळचा होता, यावर सगळा भर देईन.